अंडाशय थांबल्यावर ईस्ट्रोजेन येते कोठून?



बाईची पाळी गेली म्हणजे तिच्या शरीरातले स्त्रीत्वाचे हार्मोन संपले, अशी एक समजूत आपल्यात सर्वत्र रूढ आहे. अंडाशयांचे काम थांबले, ईस्ट्रोजेन संपले, खाते बंद झाले. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्धी खरी समजूत पुष्कळदा पुरत्या खोट्या समजुतीपेक्षा अधिक घोटाळा करते. वस्तुस्थिती अशी की पाळी गेल्यावरही प्रत्येक स्त्रीच्या रक्तात ईस्ट्रोजेन असते, ते रोज नव्याने तयार होते, आणि त्याचे प्रमाण एकीत दुसरीच्या कित्येक पट असू शकते. अंडाशय थांबल्यावर हे ईस्ट्रोजेन येते कोठून, आणि सर्वांना सारखे का येत नाही, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार आज आपण करू.

प्रथम पाळी जाते म्हणजे काय होते ते पाहू. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून तीनचार लाख बीजपुटके असतात. दर महिन्याला त्यांतली काही वाढीस लागतात, बहुधा एकच पूर्णत्वास जाते, बाकीची विरून जातात. वाढणाऱ्या या पुटकांच्या भिंतीतच ईस्ट्रोजेन तयार होते. आपल्याकडे साधारणतः छेचाळीस-अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, पाश्चात्त्य देशांत एक्कावनच्या सुमारास, हा साठा संपत येतो. पुटके नाहीत म्हणून ईस्ट्रोजेनचा मोठा ओघ आटतो, आणि तो आटला म्हणून पाळी थांबते.

या ओघातले मुख्य द्रव्य म्हणजे ईस्ट्राडायॉल. ते ईस्ट्रोजेनांपैकी सर्वांत जोरकस. रक्तातले त्याचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये मोजतात; ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. पाळी चालू असताना एक मिलिलिटर रक्तद्रवात महिन्याच्या आरंभी ३०-५० पिकोग्रॅम आणि मध्यावर २०० ते ४०० पिकोग्रॅम ईस्ट्राडायॉल असते. पाळी जाऊन काही काळ लोटला की हा आकडा बहुतेक स्त्रियांत २० च्या खाली, पुष्कळजणींत ५ ते १५ वर येतो. मात्र तो शून्यावर येत नाही. शिवाय आता रक्तात त्याच्याहून अधिक असते ते त्याचेच एक सौम्य भावंड. त्याचे नाव ईस्ट्रोन. ईस्ट्रोन आणि ईस्ट्राडायॉल ही शरीरात एकमेकांत बदलू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

या शिल्लक ईस्ट्रोजेनचा सुगावा लागला तो कर्करोगाच्या उपचारांतून. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली असे प्रसिद्ध केले की, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या तरुण स्त्रीची अंडाशये काढून टाकली असता गाठी मागे हटल्या. त्या वेळी ईस्ट्रोजेन हे नावही कोणास ठाऊक नव्हते. पुढे असे दिसले की ही शस्त्रक्रिया पाळी चालू असलेल्या स्त्रियांतच उपयोगी पडते. पाळी गेलेल्या स्त्रीची अंडाशये काढून फारसे काही साधत नाही. यात नवल नाही, कारण तेथे काढण्याजोगे काही उरलेलेच नसते.

नवल पुढेच आहे. शिकागोचे चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक धाडसाची शस्त्रक्रिया केली. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या काढल्या तर माणूस जगत नाही. परंतु कॉर्टिसोन हे औषध नुकतेच हाती आले होते आणि त्याच्या आधाराने रोगी जगवता येऊ लागला होता. या ग्रंथी काढल्यावर स्तनाचा कर्करोग झालेल्या काही वयस्क स्त्रियांच्या गाठी आक्रसल्या. म्हणजे ईस्ट्रोजेनचा उगम या ग्रंथींत असला पाहिजे, असेच कोणीही म्हणेल. पण अधिवृक्क ग्रंथींतून बाहेर पडणारे रक्त तपासावे, तर त्यात ईस्ट्रोजेन जवळजवळ नाहीच! ग्रंथी काढली की ईस्ट्रोजेन घटते, आणि ग्रंथी तर ईस्ट्रोजेन बनवीत नाही. हे कोडे कसे सुटावे?

उत्तर असे की ग्रंथी पक्का माल देत नाही, कच्चा माल देते. अधिवृक्क ग्रंथी काही अँड्रोजेने, म्हणजे पुरुषी गुणाची समजली जाणारी हार्मोने, रक्तात सोडतात. ती स्त्रियांच्या शरीरातही आयुष्यभर असतात. त्यांपैकी आपल्या कामाचे अँड्रोस्टीनडायोन. शरीरात अन्यत्र कोठेतरी याचे ईस्ट्रोन बनते. दूध एका गोठ्यात निघावे आणि चक्का दुसऱ्याच घरी बांधला जावा, तसा हा प्रकार आहे. गोठा बंद केला तर चक्काही बंद होणार, पण म्हणून चक्का गोठ्यात सापडणार नाही.

हे केवळ अनुमान राहिले नाही. अमेरिकेतील डॅलस येथे ग्रोडिन, सीटेरी आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी त्याचे मोजमाप केले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. अँड्रोस्टीनडायोनच्या रेणूंना त्यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केली आणि ईस्ट्रोनच्या रेणूंना किरणोत्सर्गी कार्बनची. दोन्ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात शिरेतून दिली आणि पुढले काही दिवस लघवी गोळा केली. आता लघवीतल्या ईस्ट्रोजेनवर जर हायड्रोजनची खूण सापडली, तर तो रेणू मुळात अँड्रोस्टीनडायोन होता आणि वाटेत कोठेतरी पालटला, हे निश्चित झाले. कार्बनची खूण असलेले ईस्ट्रोन मापकाठीसारखे उपयोगी पडते. दिलेल्या ईस्ट्रोनपैकी लघवीत किती परत आले, हे त्यावरून कळते. आणि दोन खुणांच्या प्रमाणावरून शेकडा किती अँड्रोस्टीनडायोन पालटले, याचा हिशेब निघतो.

तो हिशेब आपणही करून पाहू. पाळी गेलेल्या स्त्रीच्या शरीरात दिवसाला सुमारे दीड मिलिग्रॅम अँड्रोस्टीनडायोन तयार होते, आणि ते बव्हंशी अधिवृक्क ग्रंथींतून येते. दीड मिलिग्रॅम म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम. त्यातले शेकडा २.८ पालटते. तेव्हा १५०० चे शेकडा २.८ म्हणजे ४२ मायक्रोग्रॅम ईस्ट्रोन रोज तयार होते. प्रत्यक्षात अशा स्त्रियांत दिवसाला जेवढे ईस्ट्रोन निर्माण होते तेही जवळजवळ एवढेच भरते. म्हणजे या एका वाटेनेच बहुतेक सगळ्या ईस्ट्रोजेनचा जमाखर्च जुळतो.

आता याच्या शेजारी दुसरी बेरीज मांडा. पाळी चालू असलेल्या स्त्रीत अँड्रोस्टीनडायोन दिवसाला सुमारे ३ मिलिग्रॅम असते, आणि पालटण्याचे प्रमाण शेकडा १.३ च्या आसपास. ३००० चे शेकडा १.३ म्हणजे ३९ मायक्रोग्रॅम. जवळजवळ तेवढेच! यावरून दिसते की हा झरा पाळी गेल्यावर नव्याने फुटलेला नसतो. तो आधीही वाहत होता. अंडाशयांच्या पुरात तो दिसत नव्हता इतकेच. पूर ओसरला आणि झरा दिसू लागला. कच्चा माल निम्म्यावर आला, पण वयाबरोबर पालटण्याचे प्रमाण दुपटीने वाढले, म्हणून झऱ्याचे पाणी तेवढेच राहिले.

हा पालट घडतो कोठे? मुख्यत्वे चरबीत. त्याखेरीज स्नायू, त्वचा, हाडे आणि मेंदू यांतही तो थोडाथोडा होतो. तो घडवून आणणाऱ्या एन्झाइमचे नाव ॲरोमटेज. येथे एक बारकावा आहे. चरबीने टम्म फुगलेल्या ज्या पेशी आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्यांत ॲरोमटेज फारसे नसते. त्या पेशींच्या मधल्या जागेत, त्यांना आधार देणाऱ्या ज्या सडपातळ पेशी असतात, त्या हे काम करतात. चरबी वाढली की या आधारपेशीही वाढतात, आणि वय वाढते तसतशी त्यांच्यातली ॲरोमटेजची क्रियाही वाढते.

याहून महत्त्वाचा भेद हुकमाचा आहे. अंडाशयातले ॲरोमटेज मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या हुकमाने चालते. ईस्ट्रोजेन कमी झाले की ती ग्रंथी हाक देते आणि अंडाशय ते वाढवते. पुरे झाले की हाक मंदावते. पाळी गेल्यावर ही ग्रंथी मोठ्याने हाका मारीत राहते, पण अंडाशयात ओ देणारे कोणी नसते, आणि चरबीला ती हाक ऐकूच येत नाही. चरबीतले ॲरोमटेज हलते ते कॉर्टिसोलच्या आणि दाह उत्पन्न करणाऱ्या काही द्रव्यांच्या इशाऱ्यावर. परिणाम असा की चरबीत किती ईस्ट्रोजेन बनावे यावर कोणाची देखरेख नसते. कमी पडले म्हणून वाढत नाही, जास्त झाले म्हणून थांबत नाही.

आता दुसरा प्रश्न. सर्व स्त्रियांत हे प्रमाण सारखे का नाही? वरचा हिशेब हाती असला की उत्तर अवघड नाही. गुणाकारातली एक संख्या म्हणजे कच्चा माल आणि दुसरी म्हणजे पालटण्याचे प्रमाण. दोन्ही प्रत्येकीत वेगळ्या असतात. केवळ समजण्यासाठी काही आकडे घेऊ. साठीची एक कृश बाई आहे. तिचे अँड्रोस्टीनडायोन दिवसाला १२०० मायक्रोग्रॅम आणि पालट शेकडा २ धरू. तिला २४ मायक्रोग्रॅम ईस्ट्रोन मिळेल. तिच्याच वयाची दुसरी बाई चांगलीच स्थूल आहे. तिचा कच्चा माल १६०० आणि पालट शेकडा ६ धरला, तर ९६ मायक्रोग्रॅम होतात. पहिलीच्या चौपट. आता तिसरी घ्या. तीही स्थूल आहे, पण तिच्या अधिवृक्क ग्रंथींतून माल थोडा येतो. ७०० चे शेकडा ५ धरले तर ३५ होतात. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर उभे राहून ईस्ट्रोजेनचा अंदाज करता येत नाही. वजन हे मोठे कारण खरे, पण एकमेव नव्हे.

कच्च्या मालात फरक पडण्याची कारणेही अनेक आहेत. अधिवृक्क ग्रंथींची अँड्रोजेने वयाबरोबर उतरत जातात, आणि एकाच वयाच्या दोघींत मुळातच पुष्कळ तफावत असते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ कॉर्टिसोनच्या जातीच्या गोळ्या घेतल्या, तर अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात आणि माल घटतो. पाळी गेलेली अंडाशयेही अगदी निकामी नसतात. ती ईस्ट्रोजेन जवळजवळ देत नाहीत, पण टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजेन थोडे देत राहतात. क्वचित एखादीच्या अंडाशयाचा गर अवाजवी वाढतो आणि हा पुरवठा पुष्कळ होतो. मग चेहऱ्यावर राठ केस येणे, आवाज घोगरा होणे अशी चिन्हे दिसतात.

या गुणाकाराबाहेरचे आणखी एक कारण सांगितले पाहिजे. रक्तातले ईस्ट्राडायॉल बहुतेक सगळे प्रथिनांना चिकटून फिरते. मोकळे असते ते शेकडा एकदोन, आणि पेशींना सहज मिळते ते तेवढेच. त्याला घट्ट धरून ठेवणारे एक वाहक प्रथिन यकृतात बनते. स्थूलपणात रक्तातले इन्शुलिन वाढते आणि त्याबरोबर हे प्रथिन कमी होते. म्हणजे स्थूल स्त्रीत ईस्ट्रोजेन एक तर अधिक बनते, आणि बनलेल्यापैकी मोकळा भागही अधिक राहतो. एकाच दिशेने दोनदा वजन पडते.

या सगळ्याचा आपल्या घरातल्या स्त्रियांशी काय संबंध, हे आता पाहू. गर्भाशयाचे अस्तर ईस्ट्रोजेनने वाढते. पाळी चालू असताना महिन्याच्या उत्तरार्धात अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येते, वाढीला आवर घालते, आणि मग अस्तर पाळीवाटे गळून जाते. पाळी गेल्यावर प्रोजेस्टेरॉन नाही. पण चरबीतले ईस्ट्रोजेन मात्र चालू. ते पुष्कळ असेल तर अस्तर वर्षानुवर्षे वाढतच राहते, आणि अशा वाढीतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग स्थूल स्त्रियांत अधिक आढळतो त्याचे मोठे कारण हे आहे. आता येथे आपली जुनी समजूत कशी घात करते पाहा. पाळी बंद होऊन दोनचार वर्षे झालेल्या बाईला एखाद दिवशी रक्ताचा डाग दिसतो. ती म्हणते, "पाळी परत आली असेल," किंवा "उष्णता झाली," आणि गप्प राहते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसलेला रक्ताचा एक डागसुद्धा पाळीचा म्हणून सोडू नये. अशा दहा बायकांपैकी नऊजणींत कारण साधे निघते. दहावीत मात्र कर्करोग निघण्याचा संभव असतो. आणि या कर्करोगाची गोष्ट अशी की तो बहुतेकदा रक्तस्रावानेच, आणि लवकर, आपली वर्दी देतो. सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहणे आणि जरूर पडल्यास अस्तराचा तुकडा काढून तपासणे, एवढ्याने निवाडा होतो.

दुसऱ्या टोकाला कृश बाई. तिला ही भीती कमी, पण तिच्या हाडांना ईस्ट्रोजेनचा आधार थोडा. अमेरिकेत पासष्ट वर्षांपुढील स्त्रियांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत ज्यांच्या रक्तात ईस्ट्राडायॉल ५ पिकोग्रॅमपेक्षाही कमी होते, त्यांच्यात खुब्याचे आणि मणक्याचे हाड मोडण्याचा संभव इतरांच्या सुमारे अडीच पट आढळला. म्हणजे ५ आणि १० पिकोग्रॅममधला फरक, जो तरुणपणीच्या आकड्यांपुढे नगण्य वाटावा, तो म्हातारपणी हाडांना पुरेपूर जाणवतो. बारीक अंगाच्या आजीबाई न्हाणीघरात नुसत्या घसरल्या आणि खुबा मोडला, हे आपण पाहतो. त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

तिसरी गोष्ट स्तनाच्या कर्करोगाची, जिच्यापासून आपण आरंभ केला. अधिवृक्क ग्रंथी काढण्याऐवजी औषधाने त्यांना थोपवावे, म्हणून १९७० नंतर अमिनोग्लुटेथिमाइड नावाचे औषध देऊ लागले. रिचर्ड सँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिले की त्याचा खरा घाव ग्रंथीवर नसून बाहेरच्या पालटावर, ॲरोमटेजवर, बसतो. कच्चा माल रक्तात तसाच राहतो, आणि ईस्ट्रोन मात्र उतरते. तेव्हा ग्रंथी काढण्याचे कारणच उरले नाही. ॲरोमटेज अडवले की पुरे. आज ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या हेच काम करतात. हा पालट त्या शेकडा ९५ हून अधिक अडवतात, आणि म्हणूनच त्या घेणाऱ्या स्त्रीच्या हाडांवर लक्ष ठेवावे लागते.

या औषधांची एक अडचण मात्र हुकमाचा भेद ज्यांनी लक्षात ठेवला असेल त्यांना चटकन समजेल. पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईला कर्करोगावरची तीव्र औषधे दिल्याने तिची पाळी थांबली आहे, असे समजा. पाळी थांबली म्हणून रजोनिवृत्ती झाली असे धरून तिला नुसते लेट्रोझोल दिले. पण तिच्या अंडाशयांत काही पुटके शिल्लक असली तर? औषधाने ईस्ट्रोजेन उतरते, पियूषिका ग्रंथी अधिक मोठ्याने हाक मारते, आणि झोपलेले अंडाशय ओ देऊन जागे होते. मग ईस्ट्रोजेन घटण्याऐवजी वाढते. पाळी पुन्हा येणे ही त्याची खूण. पण पाळी न येताही हे घडू शकते. म्हणून अशा वयात रक्तातले ईस्ट्राडायॉल वरचेवर तपासावे लागते किंवा अंडाशयांना निजवणारे औषध जोडीला द्यावे लागते.

तपासणीविषयीही एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी तपासणीची रीत तरुणपणीच्या मोठ्या आकड्यांसाठी ठीक असते. ५-१० पिकोग्रॅमच्या पातळीवर ती भरवशाची राहत नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या रेणूंनाही ईस्ट्राडायॉल समजते आणि आकडा फुगवून सांगते. इतके थोडे प्रमाण अचूक मोजायचे तर रेणूंचे वस्तुमान तोलणारी रीत लागते. शिवाय पाळी गेलेल्या स्त्रीत ईस्ट्रोजेन जेथे बनते तेथेच पुष्कळसे वापरले जाते. तिच्या स्तनाच्या ऊतींत ईस्ट्राडायॉल रक्तातल्यापेक्षा दहा ते वीस पट आढळलेले आहे. रक्ताचा आकडा म्हणजे उंबऱ्याबाहेर आलेले तेवढे. घरात किती आहे ते त्यावरून पुरते कळत नाही. म्हणून पाळी गेलेल्या बाईने केवळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करून एका आकड्यावर धास्तावणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही व्यर्थ आहे.

तेव्हा पाळी जाणे म्हणजे ईस्ट्रोजेनचा शेवट नव्हे. त्याचे ठिकाण आणि त्याचा धनी बदलणे होय. अंडाशयात ते हुकमाने आणि महिन्याच्या तालावर बनत होते. आता ते अधिवृक्क ग्रंथीच्या कच्च्या मालातून, चरबीच्या आडोशाला, तालाविना आणि देखरेखीविना बनते. माल किती आणि पालट किती, या दोन गोष्टींवर प्रत्येकीचा वाटा ठरतो. जिचा वाटा मोठा तिने रक्ताच्या डागाकडे डोळेझाक करू नये; जिचा वाटा लहान तिने हाडांकडे लक्ष द्यावे. आणि आपला वाटा कोणता हे बहुधा कोणीच नेमके सांगू शकत नसल्यामुळे, या दोन्ही गोष्टी प्रत्येकीनेच ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.